कागद नसेल, तर साक्षीदार

बहीण-भावाचं बोलणं बंद होऊन पाच वर्षं झाली होती. गावात याचं कुणाला फारसं नवल वाटत नव्हतं, कारण बोलणं चालू होतं तेव्हाही ते भांडल्यासारखंच ऐकू यायचं. भाऊ दोर वळायचा. बहीण गावच्या कार्यालयात कारकून होती, आणि तिला सगळे कारकूनबाई म्हणत. चिडवायचं असलं की तिचा नवराही तसंच म्हणायचा.

भांडण टाक्यावरून होतं. वाख, म्हणजे ज्याचा दोर वळतात ते घायपाताचे तंतू, भिजत घालायचं दगडी टाकं, ओढ्याकाठी, दुसऱ्याच्या जमिनीत. वाख भिजल्याशिवाय मऊ होत नाही, मऊ झाल्याशिवाय पीळ घेत नाही. बापाच्या वेळेपासून ते टाकं हीच मंडळी वापरत होती. मग एक दिवस कार्यालयाच्या फळ्यावर नोटीस लागली, तीस दिवस तिथे राहिली, आणि एकतिसाव्या दिवशी टाक्यावरचा त्यांचा हक्क संपला. नोटीस टाइप केली होती बहिणीने. फळ्यावर डकवलीही तिनेच, चारी कोपऱ्यांना टाचण्या लावून.

"तू वाचली नाहीस?" तिने तेव्हा विचारलं होतं.

"रोज वाचली," भाऊ म्हणाला होता. "कळली नाही. आणि माझ्या कामाचं काही असतं तर तू सांगितलं असतंस, असं धरून चाललो."

ती धरून चालली होती की हा शिकलेला माणूस आहे, वाचेल आणि येईल. दोघंही आपापल्या जागी शहाणे, आणि टाकं गेलं. 'अभित्याग' हा शब्द त्या नोटिशीत होता. हक्क आपणहून सोडून देणं, एवढाच त्याचा अर्थ. भावाला वाटलं होतं, कुठल्या त्यागाबिगाचं सरकारी काम असेल. कारकूनबाईला तो शब्द आजही घशात अडकल्यासारखा वाटे. त्या दिवसापासून दादा तिच्याशी बोलेनासा झाला आणि ती पहाटे त्याच्याकडे जायची बंद झाली.

पहाटे ती दोराचं दुसरं टोक धरायला जायची. एकाने चाक फिरवायचं, दुसऱ्याने शंभर पावलांवर टोक धरायचं. पीळ चढतो तसा दोर आखडतो, आणि टोक धरणाऱ्याला तसं तसं पुढे सरकावं लागतं. ताणून धरलं तर धागा तुटतो, सैल सोडलं तर वेटोळी पडतात. वयाच्या आठव्या वर्षापासून ती हे करत होती. लग्न झालं, नोकरी लागली, तरी कार्यालय उघडायच्या आधी तासभर जायचीच. आता ते टोक वहिनी धरायची, आणि वहिनीच्या मनगटाचं दुखणं अख्ख्या गल्लीला पाठ होतं.

अशातच कार्यालयात नवा आदेश येऊन पडला. वरच्या कार्यालयाने कळवलं की यापुढे गावात लागणारी प्रत्येक नोटीस साध्या मराठीत असावी. अर्थ तसूभरही बदलू नये, आणि 'अर्थ तोच आहे' असं कार्यालयाच्या वकिलाने खाली लिहून सही द्यावी. कारकूनबाईने तो आदेश दोनदा वाचला. पाच वर्षं उशिरा आला म्हणून तिला राग आला, आणि मग आला एकदाचा म्हणून तिने तो टेबलाच्या काचेखाली सरकवला.

पहिलीच नोटीस आली ती गिरणीमागच्या पट्टीची.

पट्टी म्हणजे शंभर पावलं लांब आणि बैलगाडी जाईल एवढी रुंद जागा. मालक गिरणीवाला. गावातली निम्मी माणसं त्याच्या गिरणीत कामाला, म्हणून त्याच्याविषयी सगळे हळू आवाजात बोलत. ती पट्टी आता कार्यालयाच्या नावावर होऊन तिथे गोदाम उभं राहायचं होतं. आणि त्याच पट्टीवर बाप दोर वळायचा, बापाच्या मागे दादा वळत होता. दोर वळायला सरळ, लांब, मोकळी जागा लागते. घरात वळता येत नाही, अंगणात येत नाही. पट्टी गेली की दादाचं चाक भिंतीला टेकून गंजणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

कारकूनबाईने आधी एक काम केलं. फाईलच्या पहिल्या पानावर लिहिलं: 'या जमिनीवर माझा सख्खा भाऊ दोर वळतो. तो वेगळा राहतो.' खाली सही आणि तारीख. मग फाईल घेऊन ती वकिलाच्या खोलीत गेली.

वकीलसाहेबांची खोली जिन्याखाली होती. पंखा होता, पण तो फिरला की कागद उडत, म्हणून तो बंद असे आणि वकीलसाहेब तापलेले असत. पहिलं पान वाचून त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"म्हणजे भावासाठी नोटीस लिहायची आहे."

"नोटीस गावासाठी आहे. भाऊ गावात राहतो."

"प्रत्येक शब्द तपासणार आहे मी, बाई. एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं दिसलं तर सही मिळणार नाही."

"म्हणूनच पहिल्या पानावर लिहिलंय, साहेब. तपासा."

जुन्या साच्यातला मजकूर असा होता: 'सदर मिळकतीचे हस्तांतरण प्रस्तावित असून त्यावर कोणाही व्यक्तीचा सुविधाधिकार वा अन्य कोणताही हितसंबंध असल्यास त्यांनी ही नोटीस प्रसिद्ध झालेपासून तीस दिवसांचे आत दस्तऐवजी अथवा साक्षीपुराव्यासह लेखी हरकत दाखल करावी. कसूर केल्यास सदर हक्काचा अभित्याग केल्याचे मानण्यात येईल व तद्नंतर कोणताही दावा ग्राह्य धरण्यात येणार नाही.'

वाचताना धाप लागते. गावातली माणसं हे फळ्यावर पाहत, मान हलवत आणि निघून जात.

कारकूनबाईने पहिलं वाक्य लिहिलं होतं, 'ही जमीन मालक कार्यालयाला विकणार आहे.' वकीलसाहेबांनी तिथेच पेन आपटलं.

"हस्तांतरण म्हणजे विक्रीच असते का? अदलाबदल असेल, बक्षीसपत्र असेल. विकणार म्हणालात आणि उद्या अदलाबदल निघाली, तर नोटीस खोटी ठरली."

ते खरं होतं. तिला झोंबलं, पण खरं होतं. तिने 'विकणार' खोडलं आणि 'कार्यालयाच्या नावावर होणार आहे' असं लिहिलं.

"पुढे," वकीलसाहेब म्हणाले. "हा सुविधाधिकार आणि हितसंबंध. यात एवढं लांबण कशाला लावलंय? सरळ लिहा, 'या जमिनीच्या मालकांनी हरकत द्यावी.' मालक हा शब्द शेंबडं पोरही ओळखतं. साधी भाषा पाहिजे ना तुम्हाला?"

कारकूनबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. वकीलसाहेब मूर्ख असते तर तिला एवढा राग आला नसता.

"साहेब, सुविधाधिकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर असलेला हक्क. स्वतःच्या जमिनीवर तो नसतोच. मालक लिहिलं तर ज्यांच्यासाठी हा शब्द आहे तेच सगळे बाहेर जातात. शब्द सोपा होतो, पण निम्मी माणसं गळतात."

"मग?"

तिने वाचलं: "'दुसऱ्याच्या मालकीच्या या जमिनीवरून जाण्या-येण्याचा, पाणी नेण्याचा, किंवा ती ठरावीक कामासाठी वापरण्याचा तुमचा हक्क असेल, किंवा या जमिनीशी तुमचा दुसरा कुठलाही हक्काचा संबंध असेल, तर हरकत द्या.'"

"'ठरावीक कामासाठी वापरण्याचा'," वकीलसाहेब हळूच म्हणाले. "उदाहरणार्थ दोर वळण्याचा. ते पण लिहून टाका."

"दोराचं नाव कुठे नाही. तुमच्या कपाटातल्या व्याख्येत 'उपभोग घेण्याचा' असं आहे. उपभोग म्हणजे वापर. व्याख्या काढून बघा."

त्यांनी खरंच कपाट उघडलं. जाड पुस्तक काढलं, धूळ झटकली, ती तिच्याच दिशेने. व्याख्या वाचली, पुन्हा वाचली, आणि त्या ओळीपुढे बारीक खूण केली. कारकूनबाईला जिंकल्यासारखं वाटलं नाही. असल्या माणसाने खूण केली की तो पुढच्या ओळीला वसूल करतो.

आदेशात आणखी एक गोष्ट होती. नोटीस लावण्याआधी ती गावातल्या एखाद्या माणसाला वाचायला द्यायची, आणि 'कळली का' असं विचारायचं नाही. कळली का म्हटलं की सगळेच हो म्हणतात. विचारायचं, यात तुला काय करायला सांगितलंय. दुपारी ती शिंप्याच्या दुकानात गेली. शिंपीकाका तोंडात टाचण्या धरून काम करायचे, त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं म्हणजे आधी टाचण्या निघायची वाट पाहायची. त्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचला.

"काय करायला सांगितलंय, काका?"

"हक्क असेल तर लिहून द्या म्हणतात. तीस दिवसांत. पुराव्यासकट."

"पुरावा म्हणजे?"

"म्हणजे कागद. उतारा नाहीतर खरेदीखत."

"कागद नसेल तर?"

"तर गप्प बसा." शिंपीकाकांनी टाचणी पुन्हा ओठात धरली. "माझं दुकान ज्या बोळात आहे ना, त्या बोळाचा तरी कुठे कागद आहे माझ्याकडे?"

ती तशीच परत आली. 'पुराव्यासह' हा शब्द तिने साधा म्हणून ठेवला होता. तो साधा होताच, पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात त्याचा अर्धाच अर्थ उतरत होता. मूळ मजकुरात दोन प्रकारचे पुरावे होते, कागदाचा आणि माणसाचा. माणूस गळला होता. तिने लिहिलं, 'कागद असेल तर कागद जोडा. कागद नसेल, तर साक्षीदाराने सही केलेला जबाब जोडा.'

हे वाक्य पाहून वकीलसाहेब खुर्चीत मागे रेलले.

"पुराव्यासह लिहिलं होतं, ते काय वाईट होतं? सगळ्यांना कळतं."

"शिंपीकाकांना कळलं नाही. त्यांना त्यात फक्त कागद दिसला."

"शिंप्याने आता कायदा शिकवायचा मला."

"त्यांनी शिकवला नाही. त्यांना काय कळलं तेवढं सांगितलं. नोटीस त्यांच्यासाठीच आहे ना, साहेब? तुम्हाला तर ती आधीपासून कळतेच आहे."

वकीलसाहेबांच्या कपाळावर तीन आठ्या होत्या. तिने त्या मोजल्या, कारण दुसरीकडे बघायचं नव्हतं.

"ठीक," ते म्हणाले. "पण साक्षीदार लिहायचा तर कुठला तेही लिहा. नियमात स्पष्ट आहे. हरकत देणाऱ्याच्या घरात न राहणारा. आणि वीस वर्षांचा वापर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला. घ्या लिहून. आता का थांबलात?"

ती थांबली, कारण तिला त्यांचा डाव कळला. वहिनी घरातली, ती चालणार नाही. घराबाहेरचं गाव गिरणीवाल्याच्या पगारावर. नियम खरा होता, लिहायलाच हवा होता, आणि लिहिल्यावर दादाला साक्षीला माणूस मिळणार नव्हता. तिने लिहिला.

"आणि एक," वकीलसाहेब सहीचं पेन उघडत म्हणाले. "ज्याने नोटीस लिहिली तोच साक्षीला उभा राहिला, तर त्याला फाईल सोडून उठावं लागतं. चौकशी होते. चौकशी संपेपर्यंत नोटिसांचं काम त्याच्याकडे राहत नाही. ते मग माझ्याकडे येईल, आणि माझ्याकडे जुना साचा आहे. खाली सहीही मीच करणार, वरून बघायला कोण येतंय. तुम्हाला ठाऊक असेलच."

"ठाऊक आहे."

"अर्थ तोच आहे," असं त्यांनी खाली लिहिलं आणि सही केली. सही मात्र कुणालाही वाचता येणार नाही अशी होती.

तीन तारखेला नोटीस फळ्यावर लागली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: 'पुढच्या महिन्याच्या तीन तारखेपर्यंत लेखी हरकत दिली नाही, तर तुम्ही आपला हक्क सोडून दिला असं धरलं जाईल. त्यानंतर तो हक्क मागता येणार नाही.' लावल्याचा दिवस सोडून तीस दिवस तिने बोटांवर दोनदा मोजले होते. माणसं आता मान हलवून निघून जात नव्हती. थांबत होती, दोन-दोनदा वाचत होती, एकमेकांकडे बघत होती. कारकूनबाई खिडकीतून पाहायची, आणि बऱ्याच वर्षांनी तिला आपल्या कामाचा अभिमान वाटला.

तो दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी दादा कार्यालयात आला.

पाच वर्षांनी तो तिच्यासमोर उभा होता, मध्ये कमरेएवढा कठडा. हाताच्या तळव्यांवर वाखाच्या चिरा, तशाच. तिने 'ये' म्हणायला तोंड उघडलं.

"तू लिहिलंस ते?" तो म्हणाला.

"हो."

"'हक्क सोडून दिला असं धरलं जाईल.' हे तू लिहिलंस. माझ्याबद्दल."

"दादा, ते सगळ्यांबद्दल आहे. आधीही तेच लिहिलेलं असायचं. फक्त—"

"आधी कागद बोलायचा. त्याची ती भाषा, त्याला कोण विचारतो. आता तू बोलतेस. मला वाचताना तुझा आवाज ऐकू आला." त्याने आवाज चढवला नव्हता, आणि त्यामुळेच आजूबाजूच्या टेबलांवरचं काम थांबलं होतं. "टाक्याच्या वेळी निदान मला कळलं नव्हतं. या वेळी माझ्या बहिणीने मला कळेल अशा शब्दांत सांगितलंय की माझी पट्टी जाणार."

"कळावं म्हणूनच लिहिलं. कळलं तर हरकत देशील म्हणून."

"उपकार झाले."

"उपकार नाहीत. माझं काम आहे ते."

"तेच म्हणतोय मी," दादा म्हणाला, आणि गेला.

कारकूनबाई स्वतःला कणखर समजायची. त्या दिवशी तिने चार पत्रांवर चुकीची तारीख टाकली. तिला दादाचा भयंकर राग आला होता. जन्मभर कळत नाही म्हणून बोंबलायचं, आणि कळल्यावर सांगणाऱ्याच्या डोक्यावर खापर फोडायचं. तोच राग घेऊन ती घरी गेली, तोच घेऊन झोपली. सकाळी उठल्यावर मात्र त्या रागाच्या तळाशी दुसरंच काहीतरी होतं. दादाचं म्हणणं खरं होतं. अवघड शब्दांनी ती पाच वर्षं झाकली गेली होती. साध्या शब्दांनी ती उघडी पडली.

पुढे दिवस जात राहिले आणि बातम्या येत राहिल्या. दादा साक्षीदार शोधत होता. गिरणीतल्या हमालाने हात वर केले. दूधवाला म्हणाला, मी पाहिलंय पण मला आठवत नाही. शिंपीकाकांनी तोंडातल्या टाचण्या काढल्याच नाहीत. वहिनी वाटेत भेटली आणि बघून न बघितल्यासारखं करून गेली, मग चार पावलांवर थांबून, पाठमोरीच, म्हणाली, "तुम्हीच लिहिलंत ना, कागद नसेल तर माणूस आणा म्हणून. माणसं कुठे मिळतात तेही लिहायचं होतं."

कारकूनबाई रोज पट्टीच्या कडेने कार्यालयात जात होती, रोज चाकाचा आवाज ऐकत होती. तिला ठाऊक होतं की गावात अशी एक साक्षीदार आहे. घराबाहेर राहणारी, एकतीस वर्षं दोराचं टोक धरलेली, पुढची पाच वर्षं येता-जाता पाहिलेली. पण दादाने विचारलं नव्हतं. आणि आपण होऊन गेलं तर नोटीस गेली, फळा गेला, पुन्हा तो जुना साचा. उद्या दुसऱ्या कुणाचं टाकं, दुसऱ्या कुणाचा बोळ. ती स्वतःला हे पुन्हा पुन्हा सांगत होती. त्यातलं किती खरं आणि किती टोचणी लपवायला, हे तिला ठरवता येत नव्हतं.

तीन तारीख उजाडली. कार्यालय पाचला बंद व्हायचं. चार वाजले, साडेचार झाले. वकीलसाहेब सहसा जिन्याखालून बाहेर येत नसत. आज ते वर येऊन तिच्या टेबलाजवळ उभे राहिले, घड्याळाकडे बघत, आणि त्यांनी कारण सांगितलं नाही.

पावणेपाचला दादा आला. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. त्याने कठड्यावर एक कागद ठेवला आणि हाताने सपाट केला.

"हरकत. पोच दे."

"आधी वाचावी लागते," ती म्हणाली. "पूर्ण आहे का बघायला."

"वाच. मोठ्याने वाच, साहेबांनाही ऐकू दे. तुझेच शब्द आहेत."

तिने वाचलं. अक्षर दादाचं होतं, मोठं, दाबून काढलेलं. "'गिरणीमागची पट्टी माझी नाही. मी ती दोर वळण्यासाठी वापरतो. माझ्याआधी माझे वडील वापरत होते. मिळून चाळीस वर्षांच्या वर झाली. मी हक्क सोडून दिलेला नाही. माझ्याकडे कागद नाही. साक्षीदार आहे.'" इथे ती थांबली.

"पुढे," दादा म्हणाला.

"'दोर वळायला दोन माणसं लागतात. एक चाकावर आणि एक टोकावर. टोकावर जो असतो त्याला सगळं दिसतं. एकतीस वर्षं टोकावर होती ती माझी बहीण. ती माझ्या घरात राहत नाही. ती या कार्यालयात कारकून आहे.'"

खाली साक्षीदाराची चौकट होती. नाव दादाने लिहिलं होतं. 'हरकतदाराशी नाते' ही जागा त्याने रिकामी सोडली होती. सहीची जागाही अर्थातच रिकामी होती.

"मला विचारलं नाहीस," ती म्हणाली.

"टाक्याच्या वेळी तू मला सांगितलं नाहीस. मी तुला विचारलं नाही. फिटलं असं समजू नकोस, फिटलेलं नाही. पण वीस वर्षं पाहिलेला माणूस गावात दुसरा नाही. म्हणजे आहेत, सही करणारा नाही." त्याने खिशातलं पेन काढून कागदावर ठेवलं. "नाही म्हणायचं असेल तर साध्या शब्दांत म्हण. मला कळतं आता."

वकीलसाहेब खाकरले.

"बाई, मी आधीच सांगितलं होतं. त्या खुर्चीवर बसून ही सही करता येणार नाही. आणि उठलात, तर उद्या त्या खुर्चीवर नोटिसांचं काम राहणार नाही. पुरती चौकशी होईल. शिवाय ती ओळ तुम्हीच हट्टाने घातली होती, 'कागद नसेल तर साक्षीदार'. लोक काय म्हणतील त्याचा विचार करा. स्वतःसाठीच घातली म्हणतील."

"म्हणू देत," ती म्हणाली. "तुम्ही खाली लिहून दिलंयत, साहेब. अर्थ तोच आहे. सही तुमची आहे."

वकीलसाहेब तिच्याकडे ज्या नजरेने बघत होते त्यात उद्याचा सगळा हिशोब होता. घड्याळात पाच वाजायला नऊ मिनिटं होती. कारकूनबाईने फाईल उघडली आणि पहिल्या पानावर, स्वतःच्या जुन्या सहीखाली, लिहिलं: 'या कामात मी साक्षीदार आहे. म्हणून फाईल वकीलसाहेबांकडे देत आहे.' वेळ टाकली. शिक्का, शाईची डबी आणि पोचवही नीट एका बाजूला ठेवली. फाईल त्यांच्या हातात दिली. मग ती उठली, कठड्याच्या टोकाला असलेलं झडपेचं दार उचललं आणि पलीकडे, दादाच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

जवळून त्याच्या अंगाला ओल्या वाखाचा वास येत होता. तिने पेन घेतलं. नात्याच्या रिकाम्या जागेत लिहिलं, 'सख्खी बहीण'. खाली चार ओळींचा जबाब लिहिला. आठव्या वर्षापासून टोक धरलं. एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत धरलं. मधल्या काळात कुणी अडवलं नाही, कुणी परवानगी मागायला लावली नाही. गेली पाच वर्षं येता-जाता रोज पाहते. एकही अवघड शब्द नव्हता. मग सही केली.

"पोच," दादा म्हणाला.

"आता साहेबांकडे माग. मी पलीकडे नाही."

दादाने कागद उचलून वकीलसाहेबांपुढे सरकवला. "पोच द्या साहेब. म्हणजे मी दिलं आणि तुम्ही घेतलं, असं लिहून द्या."

वकीलसाहेबांनी शिक्का उचलला. त्यांना शाईची डबी उघडता येईना, ती उलटी फिरवायची असते. कारकूनबाईला ठाऊक होतं, पण ती बोलली नाही. शेवटी ती उघडली. शिक्का बसला, जरा तिरका, पण वाचता येण्याजोगा. तारीख तीन, वेळ चार छप्पन्न.

दादाने पोच घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. दाराशी जाऊन तो थांबला.

"टाक्याचं मी विसरलेलो नाही," तो म्हणाला.

"मी पण नाही," ती म्हणाली.

त्याने मान हलवली, हो म्हणून की नुसतीच, ते कळलं नाही, आणि तो गेला. पलीकडे वकीलसाहेब तिच्या खुर्चीत बसून फाईल चाळत होते. फळ्यावरची नोटीस ते उद्या काढतील आणि पुढची जुन्या साच्यातली लावतील, हे तिला दिसत होतं. तिला बसावंसं वाटलं. पण कठड्याच्या त्या बाजूला खुर्ची नव्हती. इतक्या वर्षांत हे तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं.